प्रिन्सिपल पत्ता फ्लॅटचा आणि गोडाऊन अॅडिशनलमध्ये: पार्टीची खरी जागा कुठली धरायची?

प्रश्न: आम्ही पॅकिंग मटेरियल सप्लाय करतो. नवीन पार्टी ६ लाखांचा माल उधारीवर मागतेय. जीएसटी नंबर टाकला तर कल्याणच्या फ्लॅटचा पत्ता येतो, पार्टी म्हणते धंदा सगळा भिवंडीतून चालतो. सर्टिफिकेटवर भिवंडी अॅडिशनल म्हणून आहे. खरी जागा कुठली धरायची आणि कन्फर्म कशी करायची?

उत्तर:

माल भिवंडीत बघायचा आणि माणूस कल्याणला. दोन्ही जागा रजिस्टर्ड आहेत म्हणजे कागदावर पार्टी खोटं बोलत नाहीये, पण म्हणून भिवंडीचा गाळा त्याचाच आहे आणि आजही चालू आहे असं लगेच धरू नका. ते वेगळं तपासावं लागतं.

आधी एक गैरसमज काढून टाका. प्रिन्सिपल म्हणजे धंद्याची मुख्य जागा, जिथे जास्त उलाढाल होते किंवा जास्त माल असतो ती, असं बहुतेकांना वाटतं. कायद्यात तसं काही नाहीये. सीजीएसटी कायद्याच्या कलम २(८९) मध्ये व्याख्या एवढीच आहे की रजिस्ट्रेशन सर्टिफिकेटमध्ये जी जागा प्रिन्सिपल म्हणून लिहिलीय ती प्रिन्सिपल. बस. म्हणजे फॉर्म भरताना व्यापाऱ्याने, किंवा खरं सांगायचं तर त्याच्या सल्लागाराने, ज्या जागेचे कागद हाताशी होते ती टाकली. ९० टक्के वेळा असं होतं म्हणून आकडा फेकणार नाही, पण आमच्या लाइनमध्ये रोजचं आहे हे. नवीन प्रोप्रायटर येतो, गाळ्याचा करार अजून व्हायचाय, मालक वीजबिल द्यायला कुरकुर करतोय, आणि नंबर तर लगेच पाहिजे, मग वडिलांच्या नावावरच्या फ्लॅटचं वीजबिल आणि वडिलांचं संमतीपत्र लावून नंबर काढला जातो. गाळा नंतर दुरुस्ती करून अॅडिशनलमध्ये घालतात. तो गाळा पुढे सगळा धंदा सांभाळतो तरी कागदावर तो अॅडिशनलच राहतो, कारण प्रिन्सिपल बदलायची कोणाला गरजच पडत नाही.

उलटंही बघायला मिळतं. व्याख्या २(८५) वाचा, 'प्लेस ऑफ बिझनेस' मध्ये गोडाऊन, वेअरहाऊस, माल साठवायची किंवा घ्यायची-द्यायची कुठलीही जागा, हिशोबाची वह्या-पुस्तकं ठेवायची जागा, एजंटमार्फत धंदा चालतो ती जागा, सगळं येतं. म्हणजे अॅडिशनलमध्ये लिहिलेली जागा त्याच्या ताब्यात असेलच असं नाही, तिथे फक्त माल थांबत असेल तरी ती टाकावी लागते. भिवंडीच्या बाबतीत तर हे फार महत्त्वाचंय. ट्रान्सपोर्टरच्या गोडाऊनमध्ये माल पडून राहायचा, मग ई-वे बिलाची व्हॅलिडिटी संपायची, त्यावरून भांडणं व्हायची, म्हणून सप्टेंबर २०१८ मध्ये सीबीआयसीने सर्क्युलर काढलं, नंबर ६१/३५/२०१८, की माल घेणाऱ्याने ट्रान्सपोर्टरचं गोडाऊन स्वतःच्या रजिस्ट्रेशनमध्ये अॅडिशनल प्लेस म्हणून घातलं तर माल तिथे पोचला की पोचला असं धरता येईल. तेव्हापासून कितीतरी व्यापाऱ्यांच्या अॅडिशनलमध्ये ट्रान्सपोर्ट कंपनीचे पत्ते आहेत. ऑनलाइन विकणाऱ्यांचं तर अजून वेगळं, मार्केटप्लेसच्या एकाच मोठ्या वेअरहाऊसचा पत्ता शेकडो सेलर्सच्या अॅडिशनलमध्ये असतो. तिथे जाऊन 'अमुक ट्रेडर्स कुठे' विचारलंत तर गेटवरचा वॉचमन तुमच्याकडे बघत राहील.

म्हणून तुमच्या केसमध्ये खरा प्रश्न प्रिन्सिपल की अॅडिशनल हा नाहीच. हा भिवंडीचा पत्ता कुठल्या प्रकारचा अॅडिशनल आहे, त्याचा स्वतःचा भाड्याचा गाळा, ट्रान्सपोर्टरचं गोडाऊन, की दुसऱ्या कोणाच्या वेअरहाऊसमधला कोपरा, हा प्रश्न आहे. ६ लाखांची उधारी ह्यावर ठरते.

आता कागद. पार्टीने सर्टिफिकेट पाठवलंय म्हणताय, ते कधीचं आहे ते बघा. सर्टिफिकेट म्हणजे फॉर्म REG-06, पहिल्या पानावर फक्त प्रिन्सिपल पत्ता असतो, त्याच्या मागे अॅनेक्शर ए आणि अॅनेक्शर बी. अॅनेक्शर ए मध्ये अॅडिशनल जागांची संख्या आणि खाली एकेक पत्ता, बी मध्ये प्रोप्रायटर किंवा पार्टनर किंवा डायरेक्टर. बरेच जण फक्त पहिलं पान व्हॉट्सअॅप करतात, तीन पानं मागा. आणि पहिल्या पानाच्या खाली 'Date of issue of Certificate' असते ती वाचा. दुरुस्ती मंजूर झाली की सर्टिफिकेट नव्याने निघतं, त्यामुळे २०१९ चं पीडीएफ २०१९ चीच गोष्ट सांगतं. आजच्या तारखेला डाउनलोड करून पाठवा म्हणायचं, पार्टीला पाच मिनिटांचं काम आहे आणि ते टाळलं तर त्याचीही नोंद मनात ठेवा.

पोर्टलवर तुम्ही नंबर टाकता ते 'Search Taxpayer' चं पान. तिथे प्रिन्सिपल पत्ता समोर येतो, स्टेटस येतं, अॅडिशनल जागांसाठी मात्र मी त्या पानावर अवलंबून राहत नाही. अॅनेक्शर ए मध्ये पण एक कमतरता आहे, तिथे फक्त पत्ता असतो, जागा कशासाठी आणि कुठल्या हक्काने घेतलीय हे नसतं. ते रजिस्ट्रेशनच्या फॉर्ममध्ये भरलेलं असतं, प्रत्येक जागेसाठी वेगळं. ताबा कसा: स्वतःची, लीज, भाड्याची, संमतीची, शेअर्ड. आणि कामाचं स्वरूप: होलसेल, रिटेल, फॅक्टरी, वेअरहाऊस-डेपो, ऑफिस वगैरे, त्यात एकापेक्षा जास्त टिक करता येतात. पार्टीने स्वतःच्या लॉगिनमधून प्रोफाइलमधलं 'Place of Business' उघडून स्क्रीनशॉट दिला किंवा समोर बसून दाखवलं तर कामाचं स्वरूप तिथे दिसतं. ताब्याचा कागद वेगळा मागा. भिवंडीसमोर नुसतं वेअरहाऊस-डेपो आणि ताबा संमतीचा किंवा शेअर्ड असेल तर माल दुसऱ्याच्या जागेत राहतोय असं समजून पुढचे प्रश्न विचारा. होलसेल आणि वेअरहाऊस दोन्ही टिक असतील, ताबा भाड्याचा असेल, तर गोष्ट पार्टी सांगतेय तशी असण्याची शक्यता वाढते. पण हे सगळं पार्टीनेच भरलंय हे विसरू नका.

एक उदाहरण घेऊन जातो, समजा तुमच्यासारखीच केस. नंबर 27 ने सुरू, म्हणजे महाराष्ट्र. प्रिन्सिपल कल्याण पश्चिम, फ्लॅट, 421301. ताजं सर्टिफिकेट मागवलं, अॅनेक्शर ए मध्ये दोन जागा. पहिली काल्हेर, अमुक कंपाउंड, बिल्डिंग बी, गाळा नंबर ७, 421302. दुसरी पूर्णा गावातली, नुसतं कंपाउंडचं नाव, गाळा नंबरच नाही, पिन तोच. बघा, कल्याण 421301 आणि भिवंडी 421302, एका आकड्याचा फरक, फॉर्ममध्ये, बिलात, ई-वे बिलात टायपिंगमध्ये हमखास चुकतो, त्यामुळे नुसता पिन वेगळा दिसला म्हणून संशय घेऊ नका आणि पिन जुळला म्हणून खूशही होऊ नका, पूर्ण पत्ता वाचा.

दुसऱ्या पत्त्याला गाळा नंबर नाही आणि कंपाउंडच्या नावाने शोधलं तर तिथे ट्रान्सपोर्ट ऑफिस निघतं. म्हणजे हे वर सांगितलेल्या सर्क्युलरवालं प्रकरण. तिथे व्हिजिटला जाऊन काही मिळणार नाही, पार्टी खोटी आहे असंही त्यावरून ठरत नाही. राहिला काल्हेरचा गाळा. इथे मी करार मागतो. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि रजिस्टर करणं कायद्याने बंधनकारक आहे, १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे, त्यामुळे नोटरी केलेला कागद पुढे आला तर तेवढ्यावर थांबू नका, रजिस्टर केलेल्या कराराची इंडेक्स टू मागा. त्यात तीन गोष्टी बघायच्या: लायसन्सी म्हणून ह्याचंच नाव आहे का की भावाचं किंवा दुसऱ्या फर्मचं, गाळा नंबर तोच आहे का, आणि मुदत कधी संपते. वीजबिल मालकाच्या नावावर असेल, ते ठीक आहे, भाड्याच्या गाळ्यात तसंच असतं.

मुदत हा मुद्दा जरा थांबून सांगतो कारण फसगत सगळ्यात जास्त इथेच होते. जीएसटी रजिस्ट्रेशनमधली जागा करार संपला म्हणून आपोआप निघत नाही. व्यापाऱ्याने गाळा सोडला तर १५ दिवसांत REG-14 भरून ती जागा काढायची असते, प्रिन्सिपल आणि अॅडिशनल दोन्ही पत्ते कोअर फील्ड असल्यामुळे त्यावर ऑफिसरची मंजुरी लागते. आता विचार करा, जागा घालायची घाई सगळ्यांना असते कारण नाहीतर माल अडकतो, काढायची घाई कोणाला असणार. त्यामुळे अॅनेक्शर ए मध्ये सोडून गेलेले गाळे वर्षानुवर्षं पडून असतात. अॅडिशनलमध्ये पत्ता आहे ह्याचा अर्थ एवढाच की कधीतरी ह्याने ती जागा दाखवली आणि ती मंजूर झाली. आज तिथे कोण आहे हे सर्टिफिकेट सांगू शकत नाही.

आणि रिटर्न नियमित भरलीत म्हणून जागा चालू आहे असंही म्हणता येत नाही. रिटर्न नंबरवर भरली जातात, जागेवर नाही. जीएसटीआर-१ मध्ये कल्याणची विक्री किती आणि काल्हेरची किती असा काही रकाना नसतो. सगळी विक्री तिसऱ्याच जागेवरून होत असेल तरी रिटर्न स्वच्छ दिसतं.

जागा चालू आहे हे दाखवणारा कागद म्हणजे मालाच्या हालचालीचा कागद. पार्टीकडे मागच्या दोन-तीन महिन्यांची काही ई-वे बिलं मागा, पार्टीच्या गिऱ्हाइकाचं नाव-भाव झाकून दिली तरी चालतील. ई-वे बिलात बिल कुठून आणि माल निघाला कुठून हे वेगवेगळं टाकता येतं, 'Dispatch From' मध्ये काल्हेरचा गाळा ७ येतोय का बघा. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाखाच्या वर आणि राज्याबाहेर ५० हजाराच्या वर माल गेला तर ई-वे बिल लागतं, त्यामुळे होलसेलवाला म्हणवणाऱ्याकडे ती असणारच. सगळ्या बिलांवर डिस्पॅच कल्याणच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटचा येत असेल तर दोन शक्यता: बिलिंगवाला पोरगा आपोआप भरून आलेला पत्ता बदलतच नाही, किंवा माल काल्हेरहून निघतच नाही. पहिली शक्यता फार कॉमन आहे म्हणून लगेच निष्कर्ष नको. येणाऱ्या मालाची बिलं बघा, त्याच्या सप्लायरने डिलिव्हरीचा पत्ता काय टाकलाय. सप्लायर आणि ट्रान्सपोर्टर दोघांनी काल्हेर गाळा ७ लिहिलं असेल तर तो पुरावा मला सर्टिफिकेटपेक्षा जड वाटतो, कारण तो पार्टीने लिहिलेला नाही.

मग व्हिजिट. नियम १८ प्रमाणे सर्टिफिकेट प्रिन्सिपल आणि प्रत्येक अॅडिशनल जागेवर दर्शनी भागात लावायचं असतं आणि दाराशी बोर्डावर जीएसटी नंबर लिहायचा असतो. बोर्ड नाही म्हणून पार्टी बोगस असं काही नाही, भिवंडीत अर्ध्या गाळ्यांना बोर्ड नसतो, पण बोर्ड असेल तर त्यावरचा नंबर पूर्ण १५ अक्षरं जुळवून बघा. एकदा एका गिऱ्हाइकासाठी असाच गाळा बघायला गेलो होतो, बोर्ड व्यवस्थित, नाव बरोबर, नंबर मात्र १३व्या अक्षराला वेगळा. 27 राज्य, पुढची दहा अक्षरं पॅन, आणि तेरावं अक्षर म्हणजे त्या पॅनवर त्या राज्यातलं कितवं रजिस्ट्रेशन. एकाच राज्यात एकाच पॅनवर दोन नंबर घेता येतात. पार्टीने ऑर्डर दिली होती 1 वाल्या नंबरवर आणि गोडाऊन होतं 2 वाल्यावर. फसवायचा हेतू नव्हता, पण बिल चुकीच्या नंबरवर गेलं असतं आणि माल दुसऱ्या रजिस्ट्रेशनच्या जागेत उतरला असता. पोर्टलवर पॅनने पण शोधता येतं, सगळे नंबर दिसतात, दोन मिनिटं लागतात, ते करूनच घ्या.

ह्याच अनुषंगाने, पार्टी उद्या म्हणाली की आमचं एक गोडाऊन वापीला पण आहे ह्याच नंबरवर, तर ते शक्य नाही. अॅडिशनल जागा त्याच राज्यातली असावी लागते, वापीला गुजरातचा 24 ने सुरू होणारा वेगळा नंबर लागेल.

गाळ्यावर गेल्यावर माल किती आहे ह्यापेक्षा माल कोणाचा आहे ते बघा. कार्टनवरच्या लेबलवर, गेटच्या रजिस्टरमध्ये, आलेल्या चलनांवर कोणाचं नाव आहे. मालक किंवा शेजारच्या गाळ्यावाल्याला भाडं कोण भरतं विचारा, ते सहज सांगतात. आणि तुम्ही पॅकिंग मटेरियलवाले आहात तर तुमच्यासाठी एक सोपी चाचणी आहे, हा माणूस जे विकतो त्याला लागणारं पॅकिंग आत्ता तिथे कुठलं पडलंय, कोणाकडून घेतलंय. चालू गाळ्यात बॉक्स, टेप, स्ट्रेच फिल्म पडलेलं असणारच. रिकाम्या गाळ्यात नवा बोर्ड आणि दोन खुर्च्या असतील तर उधारी देऊ नका, एवढं सरळ.

कल्याणचा फ्लॅट बघायचा का? बघायचा, पण वेगळ्या कारणाने. प्रोप्रायटरशिप असेल तर फर्म आणि माणूस कायद्याने एकच, उद्या पैसे अडकले तर नोटीस जाणार ती त्या माणसाला. फ्लॅटमध्ये माल शोधू नका, तो तिथे राहतो का, फ्लॅट त्याचा की वडिलांचा की भाड्याचा, एवढं कळलं तरी पुरे. संमतीचा फ्लॅट असेल आणि देणारा घरचाच असेल तर नॉर्मल. पण प्रिन्सिपल पत्ता शेअर्ड ऑफिसचा किंवा व्हर्च्युअल ऑफिसचा असेल, एका केबिनच्या पत्त्यावर पन्नास फर्म, आणि अॅडिशनल फक्त ट्रान्सपोर्टरचं गोडाऊन, तर ह्या पार्टीची स्वतःची अशी जागा रजिस्ट्रेशनमध्ये एकही नाही. सगळं कायदेशीर असू शकतं, तरी अशांना आम्ही आमच्या क्लायंटना पहिले काही व्यवहार अॅडव्हान्सवरच करा सांगतो.

पार्टी म्हणाली की भिवंडीचा नवीन गाळा अजून रजिस्ट्रेशनमध्ये घातला नाही, अर्ज टाकलाय, तर अर्जाचा एआरएन मागा आणि पोर्टलवर त्याचं स्टेटस बघा. मंजूर होईपर्यंत तिथे माल उतरवू नका. रस्त्यात गाडी थांबवली आणि डिलिव्हरीचा पत्ता कुठेच रजिस्टर नाही असं निघालं तर गाडी तुमच्या मालासकट उभी राहते, आणि सोडवायला पार्टी येईलच असं नाही.

सगळं जुळलं तर तुमच्या बिलावर 'बिल टू' मध्ये कल्याण आणि डिलिव्हरीच्या जागी काल्हेर गाळा ७ असं दोन्ही लिहा, ई-वे बिलातही तसंच. समोरच्याचा नंबर टाकल्यावर पत्ता आपोआप भरून येतो तो बहुधा प्रिन्सिपलचा असतो, डिलिव्हरीचा पिन 421302 हाताने टाका आणि एकदा वाचून घ्या. पार्टीच्या फाइलमध्ये पण एकच 'पत्ता' असा रकाना ठेवू नका, प्रिन्सिपल, डिलिव्हरी आणि प्रोप्रायटरचं राहण्याचं ठिकाण असे तीन ठेवा, समोर कागद कोणता बघितला आणि कोणत्या तारखेला. काल्हेरच्या कराराची मुदत संपायची तारीख पण तिथेच लिहा, त्या महिन्यात नवा करार मागायला बरं पडतं.